किराणा दुकानाचा साठा: विक्री न लिहिता मोजणी बसवायची रीत

लालबागला चाळीच्या तळमजल्यावर माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. बारा बाय पंधराचा गाळा, वर लाकडी माळा, समोर काउंटर. नोकरीत माझी अठरा वर्षं स्टोअर खात्यात गेली, तेव्हा मामांनी एकदा हक्काने सांगितलं, "तुझ्या कंपनीत करतोस तसं इथे बसवून दे." मी कारखान्याच्या थाटात बिन कार्डं, म्हणजे वस्तू किती आली-किती गेली ते लिहायची कार्डं, छापून नेली आणि प्रत्येक वस्तूच्या मागे एकेक लावली. तीन दिवसांत ती सगळी कोरी राहिली. संध्याकाळी सात वाजता काउंटरवर सहा माणसं उभी असताना "अर्धा किलो रवा दिला" असं कोण लिहीत बसणार?

त्यातून जे शिकलो ते असं. ज्या दुकानात प्रत्येक विक्रीचं बिल बनत नाही, तिथे विक्री लिहायचा आग्रह सोडून द्यावा. मोजणी आणि आवक या दोनच गोष्टी नीट लिहिल्या तर खप आपोआप निघतो. मागच्या मोजणीत होतं ते, अधिक मधल्या काळात आलं ते, वजा आज आहे ते. पुढचं सगळं या एका हिशोबावर उभं आहे.

बहुतेक जण आधी वस्तूंची यादी आणि कोड करायला बसतात आणि दीडशेव्या वस्तूला कंटाळतात. आधी जागा ठरवा, मग कोड द्या, मग चार आठवडे नुसती मोजणी करा. माल कधी मागवायचा तो आकडा, म्हणजे पातळी, सगळ्यात शेवटी. चार आठवड्यांच्या आधी पातळी ठरवली तर तो निव्वळ अंदाज असतो, आणि अंदाज तर मामा तीस वर्षं माझ्याशिवायही करतच होते.

जागांना नावं

गल्ल्याशी उभं राहून दुकानाच्या आत तोंड करा. डावी भिंत A, समोरची B, उजवी C, काउंटर आणि त्याच्या खालचे कप्पे D, माळा M. फळ्या खालून वर मोजायच्या, जमिनीलगतची पहिली. खालून मोजायचं कारण एवढंच की नवी फळी ठोकली जाते ती वरच, मग आधीचे आकडे बदलत नाहीत. फळीवरच्या जागा डावीकडून उजवीकडे. म्हणजे `B3-4` ही समोरच्या भिंतीची तिसरी फळी, डावीकडून चौथी जागा. फळीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून जाड मार्करने हे लिहून टाका. मामांच्या दुकानात अशा ११८ जागा निघाल्या आणि एका रविवारच्या दुपारी ते काम संपलं.

भिंतीला अक्षर का, आकडा का नाही? मी आधी आकडेच दिले होते. `2-3-4` असं गूगल शीट्समध्ये टाकलं की ते त्याची तारीख करून टाकतं. पहिल्याच दिवशी निम्म्या फळ्या २००४ सालात गेल्या. अक्षर पुढे असलं की ही भानगड होत नाही.

आता खरा मुद्दा. प्रत्येक वस्तूला दोन जागा असू शकतात: विकायला हाताशी ठेवलेली आणि साठ्याची. दोनच, तिसरी नाही. मामांकडे कपड्यांचा साबण फळीवर होता, काउंटरखाली होता, माळ्यावर होता आणि मामींनी पावसाचं पाणी शिरेल म्हणून घरात पलंगाखालीही ठेवला होता. अशा वस्तूची मोजणी कधीच जुळणार नाही. तेव्हा जागा ठरवताना आधी सगळा माल एकत्र आणावा लागतो. या कामात हमखास मुदत संपलेले पुडे निघतात. ते वेगळ्या खोक्यात टाका, खोक्यालाही जागा द्या, `M1-9` म्हणा, पण ते साठ्यात धरू नका.

माळ्यावर नियम थोडा कडक ठेवावा लागतो. एका जागेवर एकच वस्तू आणि खोक्याचं तोंड पुढे. मागच्या रांगेत काय आहे ते शिडीवरून दिसत नाही, आणि मोजणीतल्या चुकांपैकी मोठा वाटा माळ्याचाच असतो.

कोड

कोड चार आकडी ठेवा. पहिले दोन आकडे गटाचे, पुढचे दोन क्रमाचे. तांदूळ-गहू ११, डाळी-कडधान्यं १२, रवा-पोहे-पीठं १३, उपासाचं १४, तेल-तूप १५, मसाले १६, साबण-पावडर २१, बिस्किटं ३१, असं. गट ११ पासून सुरू करायचे, कारण `0104` टाकलं की शीट पुढचं शून्य खाऊन `104` करते. आकडीच कोड घ्या म्हणतो त्याचं कारण साधं आहे: फोनवर मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही आणि शिडीवरून खाली ओरडून सांगता येतं. शीटमध्ये मात्र हे आकडे, आणि वजनांचेही, इंग्रजी अंकांतच टाका. मराठी अंकांत लिहिलेलं शीट बेरजेत धरीलच असं नाही.

कोडात जागा घुसवू नका. `B3` वरची डाळ उद्या `C2` वर गेली तर कोड बदलावा लागेल. आणि बंद झालेल्या वस्तूचा कोड दुसऱ्या वस्तूला कधीच देऊ नका. नाही तर वर्षभराने जुना खप भलत्याच वस्तूच्या नावावर दिसतो.

पुड्यावर बारकोड असतो, मग वेगळा कोड कशाला, असं मामांच्या मुलाने विचारलं. बारकोड तेरा आकडी असतो. भारतात नोंदलेल्या कंपन्यांचा ८९० ने सुरू होतो. तो स्कॅनरसाठी बनवलेला आहे, माणसांसाठी नाही. आणि लालबागच्या दुकानातला निम्मा जीव सुट्या मालात असतो, त्याला बारकोड कुठून येणार?

सुट्या मालातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून तिथे जरा थांबतो. तूरडाळ गोणीतून डब्यात येते, डब्यातून मामी किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून ठेवतात. हे तीन कोड की एक? एकच. कसोटी अशी धरा: जे एकाच गोणीतून भरलं जातं त्याचा कोड एक, जे वेगळं मागवावं लागतं त्याचा कोड वेगळा. म्हणून गोणीतली, डब्यातली आणि पिशव्यांतली डाळ मिळून `1201`, मोजायची किलोमध्ये. कंपनीचा सीलबंद किलोचा पुडा मात्र `1202`, कारण तो दुसऱ्या माणसाकडून येतो. त्याच कसोटीने, छापील किंमत बदललेला जुना आणि नवा साबण एकाच कोडात राहतो. विकताना जुना पुढे, एवढं पाहिलं की झालं.

एकक म्हणून "गोणी" कधीही लिहू नका. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्या-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागू झाला आणि त्यानंतर २६ आणि ३० किलोच्या गोण्या बाजारात जास्त दिसू लागल्या. पन्नासाच्याही आहेतच. मामांच्या वहीत "तांदूळ ३ गोण्या" लिहिलेलं होतं. ते ७८ किलो की १५०, हे त्यांनाही सांगता येईना. सुटा माल किलोत, साबण वडीत, शाम्पूच्या पुड्या लडीत, बिस्किटं पुड्यात. खोक्यात किती येतात ते वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा, पण मोजणी नगावरच.

शीट

रोजच्या नोंदींना तीन पानं पुरतात. 'माल' या पानावर कोड, नाव, एकक, पहिली जागा, दुसरी जागा. 'आवक' या पानावर तीनच रकाने: तारीख, कोड, किती आलं. तिसरं 'मोजणी'. त्यात A मध्ये कोड, B मध्ये नाव, C आणि D मध्ये दोन जागा, E मागची तारीख, F मागची मोजणी, G आजची तारीख, H आजची मोजणी. मग I मध्ये मधल्या काळातली आवक:

```
=SUMIFS('आवक'!C:C,'आवक'!B:B,A2,'आवक'!A:A,">"&E2,'आवक'!A:A,"<="&G2)
```

आणि J मध्ये खप:

```
=IF(H2="","",F2+I2-H2)
```

यातला `IF` काढू नका. मोजायची राहून गेलेली वस्तू आणि संपलेली वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा चौकोन म्हणजे मोजलं नाही, संपलं असेल तर स्वतः शून्य टाकायचं. आम्ही आधी हे केलं नव्हतं. न मोजलेला सगळा माल शीटने विकून टाकला आणि मामांनी त्या भरात खोबरेल तेल दुप्पट मागवलं.

आठवडा संपला की G आणि H मधले आकडे E आणि F मध्ये नुसती मूल्यं म्हणून चिकटवायचे. पण त्याआधी J मधला खप चौथ्या एका 'खप' नावाच्या पानावर उतरवून ठेवायचा. पुढे पातळी ठरवताना तोच लागतो.

'आवक'मध्ये चार गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे स्कीमचा फुकट माल. बारावर एक फुकट आला तर तेरा लिहायचे, बिलावर काहीही असो. दुसरी म्हणजे कंपनीला परत दिलेला फुटका किंवा मुदत संपलेला माल, तो वजा आकड्याने लिहायचा. तिसरी, शेजारच्या दुकानदाराकडून अडीनडीला आणलेलं पोतं. चौथी सगळ्यात नाजूक, घरी गेलेला माल. त्याबद्दल पुढे.

मोजणीचा दिवस

सगळं दुकान एका रात्रीत मोजायचं ठरवलं तर ते महिन्यातून एकदाच होईल, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत पोचताना माणसं पेंगत असतील. त्याऐवजी रोज एक भिंत. सोमवारी A, मंगळवारी B, बुधवारी C, गुरुवारी D. माळ्यासाठी वेगळा दिवस नको. ज्या दिवशी B मोजाल त्या दिवशी B वरच्या वस्तूंचा माळ्यावरचा साठाही मोजायचा. हाताशी ठेवलेला आज आणि माळ्यावरचा तीन दिवसांनी मोजला, तर मधल्या काळात खाली उतरवलेलं खोकं दोनदा मोजलं जातं किंवा एकदाही नाही.

मामांचं दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, म्हणून वेळ तीच. एका भिंतीला पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. यादी जागेच्या क्रमाने छापून घ्या, नावाच्या नाही. नावाच्या क्रमाने गेलात की माणूस दुकानभर नाचतो आणि फळीवर आहे पण यादीत नाही अशी वस्तू कधीच सापडत नाही. एकाने मोजायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याच्या कागदावर मागचा आकडा नसावा. मागे चोवीस होते हे दिसलं की बावीस मोजणाराही "चोवीसच असतील" म्हणतो.

सुटा माल दर वेळी वजन करायची गरज नाही. प्रत्येक डब्याला एकदाच खूण करून घ्या: काट्यावर पाच किलो डाळ तोलून डब्यात ओता, सपाट करा, आतून रेघ मारा, पुन्हा पाच, पुन्हा रेघ. ही खूण त्या वस्तूपुरतीच. डाळीसाठी मारलेल्या रेघेपर्यंत पोहे भरले तर त्यांचं वजन पाच किलोच्या कुठच्या कुठे खाली येतं. महाग वस्तू, म्हणजे काजू, वेलची, तूप, ही मात्र तोलायचीच. त्यांच्या बरणीचा धडा, म्हणजे रिकाम्या बरणीचं वजन, बुडाला मार्करने लिहून ठेवा.

मोजणीच्या दिवशी टेम्पो आला तर? मोजणीच्या आधी आलेला माल फळीवर लावून मगच मोजा आणि आवक त्याच तारखेने लिहा. मोजणी झाल्यावर आलेला माल दुसऱ्या दिवसाच्या तारखेने लिहा. आम्ही त्यासाठी गल्ल्यामागे दोन खिळे ठोकले. डाव्या खिळ्याला शीटमध्ये चढवलेली बिलं, उजव्याला राहिलेली. मोजणी सुरू करताना उजवा खिळा रिकामा असला पाहिजे.

आकडा बोलतो कसा

पहिले दोन आठवडे विचित्र आकडे येतील. त्यांना घाबरून मोजणी सोडू नका, आकड्याची खोड ओळखा. खप वजा आला, म्हणजे माल विकण्याऐवजी वाढला, तर बिल चढवायचं राहिलंय किंवा मागच्या वेळी एक जागा सुटली. एका आठवड्याला खप दुप्पट आणि पुढच्या आठवड्याला वजा किंवा जवळजवळ शून्य, असं जोडीने आलं तर बहुतेक वेळा माळ्यावरचं खोकं पहिल्या वेळी मोजलं गेलं नाही. खप एका बॉक्समागे नेमका खोक्यातल्या नगांपेक्षा एक कमी एवढा चुकला, दहाच्या बॉक्सला नऊ, चोवीसच्या पेटीला तेवीस, तर आवकेत बॉक्सच्या जागी नग किंवा नगाच्या जागी बॉक्स गेलाय. आणि दोन भावंडांसारख्या वस्तू, शंभर ग्रॅमची आणि दोनशे ग्रॅमची हळद, एकीचा खप वर आणि दुसरीचा तेवढाच खाली, तर मोजताना कोड अदलाबदल झाला.

या रीतीची एक मर्यादा उघड आहे. चोरी, सांडलवंड, उंदीर, जास्त भरलेलं माप, हे सगळं खपातच मिसळून जातं. मोजणी सांगते "इतकं गेलं", पण "इतकं विकलं" असं सांगत नाही. सगळ्या वस्तूंसाठी त्याची काळजी करू नये, परवडणारही नाही. महागातल्या सात-आठ वस्तू निवडा आणि एकेका वस्तूच्या विक्रीच्या एक आठवडा काउंटरवर रेघा ओढा. एकाच वस्तूच्या रेघा गर्दीतही होतात.

मामांच्या काजूचं उदाहरण घ्या. आठवड्यात शंभर ग्रॅमच्या ३६ पुड्या विकल्या, रेघा मोजून. म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम. मोजणीचा खप आला ४ किलो १०० ग्रॅम. अर्धा किलो काजू गेले कुठे? मामांनी लगेच दुकानातल्या मुलाकडे पाहिलं. मी भरलेल्या दहा पुड्या तोलल्या. पिशवीचं वजन सोडून सरासरी १०८ ग्रॅम निघाले. ३६ पुड्यांना आठ ग्रॅम म्हणजे २८८ ग्रॅम तिथेच गेले. पुड्या भरत होत्या मामी. त्यांचा हात मुळातच सढळ. उरलेले दोनशे ग्रॅम? सत्यनारायणाच्या शिऱ्यात, हेही मामींनीच सांगितलं. त्या दिवसापासून दुकानातून घरी जाणाऱ्या मालाची वेगळी छोटी वही झाली. ती रोज रात्री आवकेत वजा म्हणून चढते, आणि मुलगा अजून दुकानात आहे.

पातळी ठरवणं

चार आठवड्यांचा खप हाती आला की मगच हे करायचं. दोन प्रकारचा माल असतो आणि दोघांचं गणित वेगळं. ही गोष्ट मला कारखान्यात माहीत होती, पण दुकानात लागू करायला मी दोन महिने लावले.

पहिला प्रकार, हवा तेव्हा फोन करून मागवता येणारा माल. तूरडाळ वाशीच्या दाणा बाजारातल्या व्यापाऱ्याकडून येते. आमच्या चार आठवड्यांत खप असा होता: २३, २५, २१ आणि ३१ किलो. शेवटचा आठवडा महिन्याच्या सुरुवातीचा, पगार झाल्यावर महिन्याचं सामान भरायचा. सरासरी २५ निघते, पण पातळी सरासरीवर ठरवली तर नेमका पगाराच्या आठवड्यातच डबा खडखडेल. छोट्या दुकानाने सरळ सगळ्यात मोठा आठवडा धरावा. ३१ भागिले ७, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार किलोला थोडं कमी.

फोन केल्यावर टेम्पो दोन दिवसांत येतो. मध्ये रविवार आला किंवा बाजार बंद राहिला तर चार. सगळ्यात वाईट धरून चार. पण आपण डाळ मोजतो आठवड्यातून एकदा. आज मोजली तेव्हा पातळीच्या जरा वर होती, म्हणून मागवली नाही, तर पुढची नजर सात दिवसांनी. म्हणून दिवस धरायचे ७ अधिक ४, एकूण ११. अकरा दिवसांचा खप ४९ किलो. मोजणीत डाळ ४९ किलो किंवा खाली दिसली की मागवा. शीटमध्ये K रकान्यात पातळी टाका, L मध्ये हे:

```
=IF(H2="","",IF(H2<=K2,"मागवा",""))
```

हे सात दिवस गणितातून काढून टाकायचा एक जुना उपाय आहे. स्टोअरमध्ये आम्ही त्याला दोन डब्यांची रीत म्हणायचो. चार दिवसांचा खप १८ किलो. तेवढी डाळ तोलून वेगळ्या पिशवीत बांधा आणि पिशवीच्या गाठीला तांबडा पुठ्ठा अडकवा, त्यावर `1201`. डब्यातली डाळ संपली आणि ही पिशवी सोडायची वेळ आली की जो कोणी सोडेल त्याने पुठ्ठा गल्ल्यामागच्या तिसऱ्या खिळ्याला लावायचा. रात्री मामा खिळा बघून फोन करतात. ना शीट, ना मोजणी. पातळी ४९ वरून १८ वर आली, म्हणजे बरोबर एका आठवड्याची ३१ किलो डाळ दुकानात पडून राहायची वाचली. किलोला १५० रुपये धरले तर ४,६५० रुपये, आणि माळ्यावर एका गोणीची जागा. नवी गोणी आली की आधीची पिशवी डब्यात ओतून नव्या गोणीतली १८ किलो बांधायची, नाही तर जुन्या डाळीत भुंगे होतात.

पुठ्ठा जास्तीत जास्त पंधरा-वीस वस्तूंना लावा. मामांनी उत्साहात साठ वस्तूंना लावला होता. खिळ्यावर पुठ्ठ्यांचा गठ्ठा झाला आणि तो कोणी बघेनासं झालं.

दुसरा प्रकार, ठरल्या वारी येणाऱ्या सेल्समनचा माल. साबणवाला बुधवारी ऑर्डर घेतो, माल शुक्रवारी येतो. इथे "इतक्याला आलं की मागवा" हा प्रश्नच गैरलागू आहे. तो बुधवारीच येणार, तुम्हाला लागो न लागो. आज दिलेल्या ऑर्डरने दुकान पुढच्या बुधवारच्या ऑर्डरचा माल येईपर्यंत चालवायचं असतं, म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत. ७ अधिक २, नऊ दिवस. कपड्यांच्या साबणाचा सगळ्यात मोठा आठवडा ३६ वड्यांचा. नऊ दिवसांच्या ४७ वड्या झाल्या. ही भरती-पातळी. दर बुधवारी हातात किती आहेत ते पाहायचं आणि ४७ पर्यंत भरेल एवढीच ऑर्डर द्यायची. १९ शिल्लक असतील तर २८ हव्यात, दहाच्या बॉक्समध्ये येतात म्हणून तीन बॉक्स. मागच्या ऑर्डरचा माल अर्धाच आला असेल आणि उरलेला येणार असेल, तर तोही वजा करा. हे विसरल्यामुळेच दुकानात एकदम शंभर वड्या होतात.

यासाठी साबणाची भिंत बुधवारी सकाळपर्यंत मोजलेली हवी. म्हणून C ची मोजणी आम्ही मंगळवारवर आणली आणि B बुधवारी ढकलली. भिंतींचे वार सेल्समनच्या वारांवरून लावा.

एक अपवाद वहीत लिहून ठेवायचा. गल्लीतल्या मंडळाने महाप्रसादासाठी एकदम पंधरा किलो डाळ नेली तर तो खप खरा आहे, पण पातळीसाठी धरायचा नाही. खपाच्या चौकोनात एक टीप टाका आणि मोठा आठवडा शोधताना ते पंधरा किलो सोडून द्या. मंडळ पुढच्या वर्षी आधी सांगूनच येईल.

सण आणि पाऊस

उपासाच्या मालाला एकच पातळी वर्षभर चालत नाही. साबुदाणा आमच्याकडे एरवी आठवड्याला सहा किलोच्या आसपास जातो, आषाढी एकादशीपासून ते नवरात्रीपर्यंत त्याचा काही नेम नसतो. म्हणून `1401` ते `1408` या वस्तूंना दोन पातळ्या ठेवल्या आहेत, एरवीची आणि सणाची, आणि सणाच्या पातळीपुढे ती कधी उतरवायची ते लिहिलेलं असतं.

मागच्या वर्षीचा खप बघताना इंग्रजी तारखेने बघू नका. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२३ च्या ऑगस्टचा खप बघून २०२५ च्या ऑगस्टची तयारी केली असती तर तांदळाचं पीठ आणि गूळ ऐन मोदकांच्या दिवशी संपला असता. 'खप' पानावर तारखेशेजारी आणखी एक रकाना करा: "गणपतीच्या आधीचा तिसरा आठवडा", "श्रावणातला पहिला", असं. तुलना त्याच्याशी करायची.

पावसाळ्यात पातळीइतकीच वरची मर्यादाही लागते. रवा, बेसन, मैदा यांना दमट हवेत लवकर जाळ्या होतात. जून ते सप्टेंबर या वस्तू आम्ही तीन आठवड्यांच्या खपापेक्षा जास्त ठेवत नाही, व्यापारी कितीही भाव तोडून देऊ दे. नवरात्र संपलं की साबुदाण्याची सणाची पातळी उतरते आणि फराळासाठी रवा-बेसनाची चढते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा `B2-1` वरची साबुदाण्याची जास्तीची पिशवी डब्यात ओततात आणि त्याच जागी बेसनाची गोणी लावतात. जागेच्या पट्टीवर दोन्ही कोड लिहिलेले आहेत, वर `1401`, खाली `1305`.